हॉटेलच्या फ्रंट डेस्कची मुलाखत : इंग्रजी प्रश्न, नमुना उत्तरे आणि त्यांचा मराठीत अर्थ

औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, हे अजिंठा-वेरूळला येणाऱ्यांचे मुक्कामाचे शहर आहे. श्रीलंका, थायलंड, जपान येथून लेणी पाहायला आलेले उपासक असोत, सुट्टीत आलेली मुंबई-पुण्याची कुटुंबे असोत की वाळूजच्या कारखान्यात कामासाठी आलेला इंजिनियर असो, हॉटेलात त्यांची पहिली गाठ फ्रंट डेस्कवर उभ्या असलेल्या माणसाशी पडते. या जागांसाठी बहुतेक ठिकाणी हॉटेल मॅनेजमेंटची पदवी सक्तीची नसते. बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलामुलींनाही बोलावतात. तरीही आपली अनेक मुले मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांतच बाहेर पडतात आणि घरी येऊन सांगतात, "इंग्रजी कमी पडलं."

माझ्या मते बहुतेक वेळा कमी पडते ते वेगळेच. मुलाखत घेणारा फ्रंट ऑफिस मॅनेजर व्याकरणाचा पेपर तपासत नसतो. समोरचा उमेदवार रात्री अकरा वाजता दमून आलेल्या पाहुण्यापुढे काय बोलेल आणि काय करेल, एवढेच तो पाहत असतो. म्हणून पाठ केलेले गोल उत्तर तिथे चालत नाही. काउंटरवरची कृती सांगणारी चार साधी वाक्ये चालतात.

खाली इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. फ्रंट डेस्कची नोकरी तोंडाची आहे.

"टेल मी अबाउट युअरसेल्फ."

एका मुलीचे उदाहरण घेऊ. बी.ए. झाल्यावर तिने दीड वर्ष एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर काम केले होते. सरावाच्या वेळी तिने दिलेले उत्तर असे होते : "मायसेल्फ अमुक अमुक. आय अ‍ॅम बिलाँगिंग फ्रॉम मिडल क्लास फॅमिली. माय फादर इज अ रिक्षा ड्रायव्हर. आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-टू. आय अ‍ॅम हार्डवर्किंग, पंक्चुअल अँड क्विक लर्नर."

यात इंग्रजीच्या तीन चुका आहेत. "मायसेल्फ" म्हणून ओळख करून देत नाहीत, "माय नेम इज" म्हणतात. "बिलाँगिंग फ्रॉम" असे इंग्रजीत नाही. आणि "पास्ड आउट" म्हणजे बऱ्याच परदेशी पाहुण्यांच्या कानाला "चक्कर येऊन पडले". पण याहून मोठी चूक अशी की दीड वर्षाचा काउंटरचा अनुभव, जो दुसऱ्या कुणाकडे नव्हता, तो तिने सांगितलाच नाही. वडील रिक्षा चालवतात यात लपवण्यासारखे काही नाही, पण इथे विचारलेला प्रश्न वडिलांबद्दल नाही. आणि "हार्डवर्किंग, पंक्चुअल" हे शब्द त्या दिवशी बाहेर बसलेले सगळेच उमेदवार म्हणणार आहेत.

सुधारून तयार केलेले उत्तर :

"गुड मॉर्निंग, सर. माय नेम इज अमुक, अँड आय लिव्ह इन सिडको. आय फिनिश्ड माय बी.ए. इन ट्वेंटी ट्वेंटी-टू. फॉर वन अँड अ हाफ इयर्स आय वर्क्ड अ‍ॅट द काउंटर ऑफ अ पॅथॉलॉजी लॅब. आय मेड द बिल्स, आन्सर्ड द फोन, अँड हँडल्ड अबाउट सिक्स्टी पेशंट्स एव्हरी मॉर्निंग. मेनी ऑफ देम वेअर वरीड, सो आय लर्न्ट टु स्टे काम. नाऊ आय वॉन्ट टु वर्क अ‍ॅट अ हॉटेल फ्रंट डेस्क."

अर्थ सोपा आहे : मी कुठे राहते, काय शिकले, काउंटरवर काय काय केले, रोज सकाळी साधारण साठ पेशंट हाताळले, त्यातले बरेच काळजीत असायचे म्हणून शांत राहायला शिकले. यातला "काम" हा शब्द आपल्या मराठी "काम"सारखाच म्हणायचा. स्पेलिंगमध्ये "एल" आहे म्हणून "काल्म" म्हणू नका. अनुभव नसेल तर खोटा सांगू नये. विहारातल्या कार्यक्रमात नावनोंदणीच्या टेबलावर बसला असाल, दुकानात गल्ला सांभाळला असेल, तर तेच आकड्यासह सांगा. माणसे रांगेत उभी असताना तुम्ही काय केले, हे ऐकण्यात मॅनेजरला रस असतो.

याच प्रश्नाला जोडून कधी कधी "व्हेअर आर यू फ्रॉम?", "फुल नेम?", "फॅमिली बॅकग्राउंड?" अशी चौकशी होते. दरवेळी त्यामागे वाईट हेतू असतो असे नाही, पण गाव आणि आडनाव कशासाठी विचारले जाते हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. अशा वेळी न अडखळता, न चिडता उत्तर कामाकडे वळवा : "माय फॅमिली लिव्ह्ज हिअर इन द सिटी, सर, अँड दे आर कम्फर्टेबल विथ माय शिफ्ट टायमिंग्ज." घरचे शहरातच आहेत आणि शिफ्टला त्यांची हरकत नाही. नोकरीसाठी कुटुंबाबद्दल एवढीच माहिती लागते.

"हाऊ विल यू चेक इन अ गेस्ट?"

तांत्रिक प्रश्न हाच. यातच उमेदवाराने तयारी केली आहे की नाही ते कळते. नमुना उत्तर :

"फर्स्ट आय विल ग्रीट द गेस्ट अँड आस्क फॉर द नेम ऑन द बुकिंग. आय विल कन्फर्म द रूम टाइप, द नंबर ऑफ नाइट्स अँड द रेट. देन आय विल टेक अ फोटो आयडी फ्रॉम एव्हरी अ‍ॅडल्ट. द गेस्ट विल साइन द रजिस्ट्रेशन कार्ड. आय विल टेक द अ‍ॅडव्हान्स अँड गिव्ह अ रिसीट. बिफोर आय गिव्ह द की, आय विल चेक दॅट द रूम इज क्लीन अँड व्हेकंट."

यातला प्रत्येक टप्पा का आहे ते समजून घ्या, म्हणजे उलटा प्रश्न आला तरी अडणार नाही. दर आणि रात्री आधीच पक्क्या करायच्या, कारण चेक-आउटच्या वेळची निम्मी भांडणे तिथूनच निघतात. पाहुणा म्हणतो नाश्ता धरून दर सांगितला होता, बिलात नाश्ता वेगळा लागलेला असतो. आयडी प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा घ्यायचा, फक्त बुकिंग करणाऱ्याचा नाही. पॅन कार्ड बऱ्याच हॉटेलांत चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट घेतात. आणि किल्ली देण्याआधी खोली रिकामी व स्वच्छ आहे हे हाउसकीपिंगकडून किंवा कॉम्प्युटरवर पाहून घ्यायचे. आधीच कुणीतरी राहत असलेल्या खोलीची किल्ली नव्या पाहुण्याला देणे ही या कामातली सर्वांत लाजिरवाणी चूक मानली जाते.

अजिंठा-वेरूळच्या शहरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "अँड इफ द गेस्ट इज अ फॉरेनर?" उत्तर : "आय विल टेक द पासपोर्ट अँड द व्हिसा, मेक कॉपीज, अँड सबमिट द सी-फॉर्म ऑनलाइन विदिन ट्वेंटी-फोर आवर्स." परदेशी पाहुणा उतरल्यावर २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन द्यावी लागते. हॉटेलवाले त्याला वर्षानुवर्षे सी-फॉर्म म्हणत आले आहेत. पासपोर्टची प्रत काढून मूळ पासपोर्ट लगेच परत द्यायचा, स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा नाही, हेही जमल्यास सांगा.

एक बारकी गोष्ट जाता जाता सांगितली तर मॅनेजरचे लक्ष वेधले जाते : "आय विल नॉट से द रूम नंबर अलाउड." लॉबीत दहा माणसे असताना "मॅडम, आपली रूम २०४" असे मोठ्याने म्हणायचे नाही. किल्लीच्या पाकिटावर नंबर लिहिलेला असतो, तो बोटाने दाखवायचा. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईसाठी हे फार महत्त्वाचे असते.

दोन उच्चार इथेच नीट करून घ्या. "रिसीट" म्हणताना "प" उच्चारत नाहीत. आणि मोठ्या खोलीला जे म्हणतात ते "स्वीट", "सूट" नव्हे. पाहुणा "स्वीट" मागत असताना आपण मिठाईचा विचार करत राहिलो, असे होऊ नये.

"अ गेस्ट हॅज अ कन्फर्म्ड बुकिंग, बट देअर इज नो रूम. व्हॉट विल यू डू?"

हॉटेले काही वेळा खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतात, कारण रोज काही पाहुणे येतच नाहीत. एखाद्या दिवशी सगळेच येतात. शनिवार रात्र, साडेदहा, कुटुंब दारात, मूल झोपलेले, मोबाइलवर कन्फर्मेशन आणि आपल्याकडे खोली नाही. मुलाखतीत हा प्रसंग नाटकासारखा करून दाखवायला सांगतात. मॅनेजर स्वतः चिडलेला पाहुणा होतो.

पहिले वाक्य सगळे ठरवते. बहुतेक उमेदवार म्हणतात, "सर, धिस इज नॉट माय मिस्टेक, बुकिंग साइट हॅज डन इट." ते खरेही असेल, पण पाहुण्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याच्या दृष्टीने काउंटरवरचा माणूस म्हणजेच हॉटेल. म्हणून असे सुरू करा :

"आय अ‍ॅम व्हेरी सॉरी, सर. यू हॅव अ कन्फर्म्ड बुकिंग, अँड वी डोन्ट हॅव अ रूम फॉर यू टुनाइट. धिस इज अवर मिस्टेक. प्लीज हॅव अ सीट. आय अ‍ॅम कॉलिंग माय ड्यूटी मॅनेजर राइट नाऊ."

चूक आमची आहे, हे एकदाच आणि स्पष्ट म्हणायचे. दहा वेळा "सॉरी सॉरी" म्हटले की माणूस आणखी चिडतो. त्यानंतर पाणी द्यायला सांगायचे, मुलाला सोफ्यावर झोपवायला जागा करून द्यायची आणि ड्यूटी मॅनेजरला बोलवायचे. मॅनेजरने परवानगी दिल्यावरच पुढचे वाक्य :

"सर, वी हॅव बुक्ड अ सिमिलर रूम फॉर यू अ‍ॅट अ हॉटेल टेन मिनिट्स अवे. अवर कार विल टेक यू देअर. इफ द रेट इज हायर, वी विल पे द डिफरन्स. टुमॉरो अ‍ॅट ट्वेल्व वी विल ब्रिंग यू बॅक, अँड युअर रूम विल बी रेडी."

जवळच तशीच खोली ठरवली आहे, आमची गाडी सोडेल, दर जास्त असला तर फरक आम्ही भरू, उद्या बाराला परत आणू. चांगली हॉटेले साधारण याच पद्धतीने वागतात, काही तर पहिल्या रात्रीचे सगळे पैसे भरतात. उमेदवाराने मात्र स्वतःच्या अधिकारात "फ्री रूम देतो", "पन्नास टक्के सूट देतो" असे म्हणायचे नाही. मॅनेजर मुद्दाम दबाव आणून तेच वदवून घ्यायचा प्रयत्न करतो. तेव्हा म्हणा : "आय अंडरस्टँड, सर. आय कॅनॉट प्रॉमिस दॅट मायसेल्फ, बट माय मॅनेजर विल स्पीक टु यू इन टू मिनिट्स." आणि दोन मिनिटे म्हटले की दोनच मिनिटे. शेवटी झालेला प्रकार लॉग बुकात लिहून पुढच्या शिफ्टला सांगेन, एवढे जोडले की उत्तर पूर्ण होते : "आय विल राइट इट इन द लॉग बुक फॉर द नेक्स्ट शिफ्ट." सकाळच्या शिफ्टला काही माहीत नसले तर तेच कुटुंब परत येऊन पुन्हा काउंटरवर ताटकळते.

बोलण्याच्या दोन मराठी सवयी इथे नडतात. आपण फोनवर "बोला" म्हणतो ते आदराने, पण त्याचे "टेल मी" केले की पाहुण्याला तुटक वाटते. "हाऊ मे आय हेल्प यू?" म्हणा. तसेच "थांबा" याचे नुसते "वेट" करू नका. "वन मोमेंट, प्लीज" म्हणा.

"टुमॉरो आय वॉन्ट टु सी अजंठा."

हा प्रश्न दिसतो गप्पांसारखा, पण तो परीक्षाच असते. मॅनेजर म्हणतो, समजा आज रविवार आहे, श्रीलंकेहून आलेले कुटुंब विचारते आहे, उद्या अजिंठ्याला कसे जाऊ? उत्साही उमेदवार लगेच टॅक्सीचा दर सांगू लागतो आणि तिथेच फसतो, कारण सोमवारी अजिंठा लेणी बंद असतात. वेरूळ बंद असते ते मंगळवारी. मग दिवसांची अदलाबदल सुचवायची :

"मॅडम, अजंठा इज क्लोज्ड ऑन मंडेज. मे आय सजेस्ट एलोरा टुमॉरो अँड अजंठा ऑन ट्यूजडे? एलोरा इज अबाउट थर्टी किलोमीटर्स फ्रॉम हिअर. अजंठा इज अबाउट अ हंड्रेड, सो प्लीज स्टार्ट अर्ली. शॅल आय अरेंज अ कार?"

वेरूळ सुमारे ३० किलोमीटर, अजिंठा सुमारे १००. अजिंठ्याला खासगी गाडी पायथ्याच्या फाट्यावर सोडावी लागते आणि तिथून पुढे बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. हेही सांगितले तर म्हाताऱ्या पाहुण्यांना उपयोग होतो. वेरूळची १ ते १२ क्रमांकाची लेणी बौद्ध आहेत, हे श्रीलंकेच्या कुटुंबाला सांगायला विसरू नका. आपल्यापैकी अनेकांना हे लहानपणापासून माहीत असते आणि मुलाखतीत नेमके आठवत नाही. दुसऱ्या शहरात मुलाखत असेल तर तिथली दोन ठिकाणे, त्यांचे अंतर आणि बंद असण्याचा वार आदल्या दिवशी लिहून काढा. उत्तर येत नसेल तर "आय डोन्ट नो" वर थांबू नये : "लेट मी फाइंड आउट अँड कॉल युअर रूम इन फाइव्ह मिनिट्स."

"अ कॉलर आस्क्स फॉर अ गेस्ट्स रूम नंबर."

उत्तर छोटे ठेवा : "आय अ‍ॅम सॉरी, आय कॅनॉट शेअर गेस्ट इन्फर्मेशन. मे आय टेक युअर नेम अँड अ मेसेज?" पाहुणा इथे उतरला आहे की नाही, हेही फोनवर सांगायचे नसते. मॅनेजर पुढे म्हणेल, "मी तिचा भाऊ आहे", मग म्हणेल, "मी पोलीस स्टेशनवरून बोलतोय". भावाला तेच उत्तर. पोलिसांचे नाव सांगितले तर नाव, स्टेशन आणि नंबर लिहून घेऊन ड्यूटी मॅनेजरकडे द्यायचे : "आय विल इन्फॉर्म माय मॅनेजर इमिजिएटली, सर." आपण स्वतः माहिती द्यायची नाही.

"कॅन यू डू नाइट शिफ्ट?"

मुलींना हा प्रश्न जवळपास हमखास विचारतात. साधारण शिफ्ट सकाळी सात ते तीन, तीन ते अकरा आणि रात्री अकरा ते सात अशा असतात. हॉटेलप्रमाणे थोडा फरक पडतो. घाईने "येस सर" म्हणणे आणि घाबरून "नो सर" म्हणणे, दोन्ही नुकसानीचे आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व ये-जा करण्याची सोय मालकाने करायची असते. म्हणजे गाडीबद्दल विचारणे हा उद्धटपणा नाही :

"येस, सर, आय कॅन वर्क नाइट शिफ्ट्स. मे आय आस्क, डझ द हॉटेल प्रोव्हाइड पिक-अप अँड ड्रॉप अ‍ॅट नाइट?"

लक्षात घ्या, तीन ते अकराची शिफ्टही रात्रीच संपते. घरी सोडण्याचा प्रश्न त्या शिफ्टलाही लागू आहे.

पगाराचा आकडा आधी तुम्ही सांगू नका. विचारा : "व्हॉट इज द इन-हँड सॅलरी फॉर धिस पोझिशन, सर?" म्हणजे कापून हातात किती. सोबत "इज द वीकली ऑफ फिक्स्ड?" आणि "आर ड्यूटी मील्स इन्क्लुडेड?" हे दोन प्रश्न पुरेत. ड्यूटीवरचे जेवण मिळते की नाही यावर महिन्याच्या खर्चात चांगलाच फरक पडतो.

काही ठिकाणी निवड झाल्यावर मूळ मार्कशीट "जमा" करायला सांगतात, म्हणजे मुलगा मध्येच नोकरी सोडून जाणार नाही. पुढे दुसरीकडे निवड झाली की तीच मार्कशीट सोडवायला महिना महिना फेऱ्या माराव्या लागतात. कागद दाखवा, पडताळून घेऊ द्या आणि परत घ्या. वाक्य हसऱ्या चेहऱ्याने म्हणा : "आय विल शो यू द ओरिजिनल्स, सर, अँड गिव्ह यू साइन्ड फोटोकॉपीज." झेरॉक्सचे दोन संच घरूनच सही करून न्या.